मास्तर, पुढची गोष्ट कुठली?

हौसेनं चित्रं काढणाऱ्यांच्या वहीत एखादं लाडकं पात्र असतंच. गोल चष्म्याची मुलगी आणि तिच्या खांद्यावर बसलेली खार, मिशाळ पैलवान, टोपी घातलेला कावळा. पानं उलटत गेलं की ते पुढून दिसतं, पाठमोरं दिसतं, धावताना, रडताना, छत्रीखाली उभं दिसतं. मग कधीतरी त्याची दोन पानांची चित्रकथा होते आणि ती चांगलीही होते. दुसऱ्या कथेला मात्र हात अडतो. त्या मुलीनं आणि तिच्या खारीनं आता करायचं काय, ते सुचत नाही. तिसऱ्या कथेपर्यंत फार थोडे जण पोचतात.

अशा वेळी माणूस स्वतःच्या कल्पनाशक्तीला दोष देतो. माझ्या मते खोट दुसरीकडे असते. पात्राचं रूप ठरलेलं असतं, पण त्याच्याकडे गोष्टी कोणत्या वाटेनं येणार हे ठरलेलं नसतं. पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या पात्राला एक मांडणी लागते. त्याचं रोजचं काम काय, त्या कामाच्या निमित्तानं नवी माणसं त्याच्यासमोर कशी येतात, आणि त्याच्या स्वभावात असं काय आहे की साधी बाबही त्याच्या हाती आली की गुंतत जाते, एवढं त्या मांडणीत बसलं पाहिजे. ती पक्की असली की गोष्ट शोधत हिंडावं लागत नाही.

आपल्या ओळखीची दोन पात्रं बघू. अनंत पै यांनी 1980 साली सुरू केलेल्या ‘टिंकल’ मासिकात 1983 मध्ये सुप्पंडी आला आणि त्याच वर्षी शिकारी शंभूही आला. सुप्पंडी सांगितलेलं काम शब्दशः करतो. त्याला ‘भोळा’ म्हणून सोडून दिलं असतं तर तो दहा गोष्टींत संपला असता, कारण भोळेपणा हा नुसता गुण आहे, त्यातून काही घडत नाही. शब्दशः ऐकणं ही कृती आहे आणि तिच्यातून दर वेळी काहीतरी बिघडतं. शिवाय सुप्पंडीची नोकरी बदलत राहते. नवा मालक आला की नवं घर, नवं काम, नवा हुकूम. त्याच्या कथांचं दार हे असं कायम उघडं आहे.

शंभूची मांडणी याहून बारीक आहे. तो भित्रा आहे, आणि सगळी दुनिया त्याला शूर समजते. या दोन गोष्टी एका माणसात कोंबल्या की तो स्वस्थ बसूच शकत नाही. लोक त्याला बोलावणार, नाही म्हणायची सोय नाही, जनावर समोर येणार, तो पळणार आणि त्या पळण्यातूनच जनावर पकडलं जाणार. लुई फर्नांडिस यांनी घडवलेल्या या पात्राला वसंत हळबे यांनी चित्ररूप दिलं. त्यांनी शंभूची टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढून ठेवली. चित्रकारासाठी हा धडा मोठा आहे. ज्या माणसाचं खरं रूप कुणालाच दिसत नाही, त्याचे डोळेही कुणाला दिसत नाहीत. स्वभाव आणि रेखाटन इथं एकाच जागी भेटतात.

आता एक मांडणी आपण मुळापासून बांधू. एकच घेतो, पण शेवटपर्यंत नेऊ.

एसटीची मुक्कामी गाडी महाराष्ट्राच्या गावागावांना ठाऊक आहे. तालुक्याहून संध्याकाळी निघते, रात्री आडगावी पोचते, तिथंच थांबते आणि पहाटे पहिल्या फेरीला परत निघते. ड्रायव्हर आणि कंडक्टर रात्र गावात काढतात, कधी गाडीतच, कधी देवळात, कधी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर. चित्रकथेला हवं ते बरंचसं इथं आयतं तयार आहे. दर वेळी गाव नवं असू शकतं, कारण ड्यूटी बदलते. दर वेळी माणसं नवी असू शकतात. शिवाय गोष्टीला वेळेची हद्द आहे. पहाटे गाडी सुटलीच पाहिजे, म्हणून जे काही घडायचं ते एका रात्रीत घडायला हवं. हौशी चित्रकाराला या हद्दीचा मोठा आधार असतो. तिच्यावाचून कथा पसरते आणि अर्ध्यावर सुटते.

आपलं पात्र आहे या गाडीचा कंडक्टर. प्रवासी त्याला ‘मास्तर’ म्हणतात, तेच त्याचं नाव ठेवू. पण नुसता मुक्काम म्हणजे मांडणी झाली नाही. मास्तरनं जेवून झोपावं आणि पहाटे उठावं, यात कथा कुठं आहे? त्याला जागं ठेवणारं काहीतरी हवं, आणि ते त्याच्या कामातूनच यायला हवं. गाव आलं, माणसं उतरली, मास्तर कंदिलाच्या नाहीतर बॅटरीच्या उजेडात सगळी बाकडी तपासतो. एका बाकड्याखाली कुणाचं तरी काहीतरी राहून गेलेलं असतं. नियमानं ते डेपोत जमा करायचं. पण ज्याचं आहे तो याच गावात उतरलाय, आणि डेपोत गेलेली वस्तू घ्यायला तो दिवस मोडून तालुक्याला येईल असं नाही. तेव्हा पहाटेच्या आत मालक शोधायचा. एक वस्तू, एक गाव, एक रात्र. इथं दार उघडलं.

आता स्वभाव. मास्तर मालकाला ओळखणार कसा? चेहऱ्यावरून ओळखला तर कथा दुसऱ्या पानावर संपते. अजिबात ओळखत नसेल तर दारोदार विचारत फिरणं एवढंच उरतं, आणि ते चित्रात कंटाळवाणं दिसतं. गर्दीच्या गाडीत तिकीट फाडणारा कंडक्टर काय बघतो ते आठवा. त्याची नजर पैशांवर असते, म्हणजे पुढं आलेल्या हातावर. मास्तरला चेहरे लक्षात राहत नाहीत, हात राहतात. नखाला लागलेला चुना, बोटातली तांब्याची अंगठी, नांगराच्या रुमण्यानं पडलेला घट्टा, खडूची पांढरी बोटं. ही त्याची ताकद आहे आणि हीच त्याची अडचण. स्वतःच्या मेव्हण्याला तो रस्त्यात ओळखणार नाही, पण त्यानं हात पुढं केला की ओळखेल.

या एका खुबीनं चित्राची बाजूही ठरून जाते. मास्तरची मान सदा किंचित खाली, नजर समोरच्याच्या हातावर. प्रत्येक कथेत फक्त एका चौकटीत तो नजर वर करून समोरच्याचा चेहरा बघेल, आणि ती चौकट शेवटच्या पानावर असेल. हा नियम एकदा घालून घेतला की वाचक दुसऱ्या-तिसऱ्या कथेपासून त्या चौकटीची वाट पाहू लागतो. हात काढायला अवघड असतात, हे मी मान्य करतो. पण इथं हात हेच या कथांचं मुख्य दृश्य असल्यामुळे त्यांच्यावर घातलेला वेळ वाया जात नाही. आपल्याच डाव्या हाताची पाच-सहा रेखाटनं समोर ठेवली तर चार पानांच्या कथेचं काम भागतं.

मास्तरच्या जोडीला त्याच्या विरुद्ध ओढणारा कुणीतरी हवा. तो म्हणजे ड्रायव्हर सलीमभाई. दिवसभर स्टिअरिंग ओढून तो थकलेला आहे, त्याला झोप हवी आहे, आणि त्याचं म्हणणं अगदी रास्त आहे: “मास्तर, डेपोत जमा करा आणि पडा गप.” प्रत्येक कथेत मास्तरला सलीमभाईची समजूत घालावी लागते किंवा त्याचा डोळा चुकवावा लागतो. असं जोडपात्र असलं की मास्तरच्या मनातलं सगळं आपोआप बोलण्यात येतं. तो एकटाच फिरला तर चौकटीवर निवेदनाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात, आणि त्या वाढल्या की चित्रकथेची सचित्र गोष्ट होऊन बसते.

काळही आताच ठरवला पाहिजे, कारण तो चुकला तर सगळी इमारत पडते. प्रवाशांच्या खिशात मोबाइल आला की वस्तूचा मालक सकाळच्या आत स्वतःच फोन करेल. म्हणून ही गाडी 1988 सालातली ठेवू. त्या काळातल्या मास्तरकडे छापील तिकिटांची पेटी आहे, तिकिटाला भोक पाडायचा पंच आहे, खांद्याला चामडी पिशवी आहे. सुटे पैसे नसले की तो तिकिटाच्या पाठीवर उरलेली रक्कम लिहून देतो आणि उतरताना घ्या म्हणतो. त्याची दोरीची घंटी आहे. एकदा वाजली की गाडी थांबते, दोनदा वाजली की सुटते. ही घंटी आपल्याला फार उपयोगाची आहे. कथेची पहिली चौकट एका घंटीची, शेवटची दोन घंट्यांची. मराठी वाचकाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

मांडणी खरी आहे की नाही ते एक कथा लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही. चार पानं घेऊ. ए-फोर आकाराचा एक कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्हची चार पानं होतात, दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढली की छोटी पुस्तिका तयार. दर पानावर सहा चौकटी धरल्या तर एकूण 24 होतात. नोकरी सांभाळून रोज रात्री दोन चौकटी काढणाऱ्याला बारा रात्री लागतील. याहून लांब कथा पहिल्या वर्षात घेऊ नये असं माझं मत आहे, कारण या मापात कथा पुरी होते आणि पुढची सुरू करायची उमेद शिल्लक राहते.

बाकड्याखाली सापडलेली वस्तू: रुमालात गुंडाळलेली दातांची कवळी.

पहिलं पान. घंटीची दोरी ओढणारा हात, ‘टिंग’. माणसं उतरतात, आपल्याला दिसतात ते दांडीवरून सुटत जाणारे हात. त्यातल्या एका म्हाताऱ्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. हा हात इतर हातांच्या गर्दीतच दाखवायचा, मोठा करून दाखवायचा नाही. वाचकाच्या नजरेखालून तो गेला पाहिजे पण टोचता कामा नये. मग रिकामी गाडी, बॅटरीचा झोत, रुमाल. शेवटच्या चौकटीत सलीमभाईचा आवाज गाडीबाहेरून: “काय सापडलं?” आणि मास्तरच्या तळव्यावर हसणारे दात.

दुसरं पान. सलीमभाई जमा करा म्हणतो. मास्तर म्हणतो, “अहो, जेवणार कसा बिचारा?” दोघं जेवायला ज्या घरी जातात तिथं कुणी नीट बोलत नाही, कारण शेजारच्या वाड्यात लग्नाची बैठक बसली आहे आणि ती मोडायच्या बेतात आहे. मुलीचे आजोबा घरातले वडीलधारे, त्यांच्या शब्दावाचून पान हलत नाही, आणि आज ते संध्याकाळपासून अवाक्षर बोललेले नाहीत. पाहुण्यांची समजूत झाली आहे की म्हाताऱ्याला स्थळ पसंत नाही. या पानावर कवळीचा उल्लेखही नको. वाचकाला दोन धागे वेगवेगळे दिसू देत.

तिसरं पान वाड्यातलं. मास्तर दाराशी उभा. बैठकीतले हात एकेक करून त्याला दिसतात: पानाला चुना लावणारा हात, मांडीवर चुळबुळणारा हात, पाहुण्यांपैकी एकाचा, उठण्यासाठी जमिनीवर टेकलेला हात. आणि पाचव्या चौकटीत, तोंडावर गच्च धरलेला एक म्हातारा हात, ज्याच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. आजोबा रागावलेले नाहीत. दात नाहीत म्हणून चारचौघांत तोंड उघडत नाहीत. वस्तू काय, मालक कोण, तो गप्प का, या तिन्हींची उकल एकाच चित्रात झाली आणि एक शब्दही खर्ची पडला नाही. मास्तरची मांडणी मला विश्वासाची वाटते ती या चौकटीमुळे.

चौथं पान. ओळख पटली, पण अडचण संपलेली नाही. सगळ्यांसमोर कवळी द्यायची तर आजोबांची लाज जाते. इथं मास्तरचं कंडक्टर असणं उपयोगी पडतं. तो सरळ आत जातो, खिशातला रुमाल आजोबांच्या मुठीत दाबतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, “आजोबा, तुमचे सुटे राहिले होते माझ्याकडं. मोजून घ्या आत जाऊन.” आजोबा आत जातात. पुढच्या चौकटीत बाहेर येतात, आणि मास्तर पहिल्यांदाच मान वर करतो. आजोबांचा भरल्या तोंडाचा चेहरा. ते काय बोलले ते लिहायची गरज नाही, पाहुण्यांचा टेकलेला हात परत मांडीवर गेलेला दाखवला की झालं. पहाट, गाडी, दोरीवरचा हात, ‘टिंग टिंग’.

ही कथा जमली तरी मांडणी सिद्ध झाली असं समजू नका. एक चांगली कथा कुठल्याही पात्राची होऊ शकते. खरी परीक्षा म्हणजे दहा वस्तूंची यादी करायची आणि प्रत्येकीपुढं एका ओळीत कथा लिहायची, पेन्सिल हातात न घेता. शाळेचं हॉल तिकीट, पेपर उद्याच. एकच टाळ, जोडीतला दुसरा मालकाकडं. बियाण्याची पिशवी. माहेरी आलेल्या बाईची ट्रंक. शेळीचं करडू. अशी यादी झाली की तिच्यातले शेवट वाचून काढायचे. दहापैकी सहा ठिकाणी ‘मास्तरनं हात ओळखला आणि वस्तू परत दिली’ असं निघालं तर मांडणी पातळ आहे असं समजायचं. बहुतेक वेळा पहिल्या यादीत तसंच निघतं, कारण आपण वस्तू बदलत जातो आणि घटना मात्र तीच ठेवतो.

उपाय वस्तूत नसतो. मास्तरच्या एकेका गृहीताला धक्का द्यावा लागतो. वस्तूचा मालक सापडतो पण त्याला ती नको आहे, कारण त्यानं ती मुद्दाम सोडली आहे. त्या बाईची ट्रंक अशीच आहे: तिला सासरी परत जायचं नाही आणि ट्रंक परत आणून देणारा मास्तर तिला संकटासारखा वाटतो. किंवा वस्तू एक आणि मालक दोन येतात. किंवा गावात हळद लागली आहे, सगळ्या बायांचे हात पिवळे आणि मेंदीचे, सगळे सारखे, मास्तरची ओळखच बंद पडते. किंवा सलीमभाईचीच एक जुनी वस्तू निघते आणि त्या रात्री समजूत घालायची पाळी उलटी येते. असे चार-पाच धक्के बसले की त्याच यादीतून बारा महिन्यांचं काम निघतं.

एका मोहापासून मात्र मास्तरला वाचवावं लागतं. कथा वाढल्या की तो हुशार होऊ लागतो. हातावरून माणसाचं वय, धंदा, चोरी, सगळं ओळखू लागतो आणि गाडीतला गुप्तहेर बनतो. ते वाचायला पहिल्यांदा मजेचं वाटेल, पण मग त्याला अडवणारं काही उरत नाही. ज्या चौकटीत वाचकाला ‘हा ओळखणारच’ अशी खात्री वाटते, तिथं कथा मेली असं समजावं. शंभू कधी एकदाही खरंच शूर झाला असता तर पुढचे सगळे वाघ फुकट गेले असते. मास्तरला हात आठवतो, बाकी काही नाही. त्या हाताचा माणूस कुठं राहतो, वस्तू का विसरला, हे त्याला पायी हिंडून, विचारून, कधी चुकीच्या दारात जाऊनच कळलं पाहिजे.

दुसरी खबरदारी चित्राच्या मजुरीची आहे. कथा सुचताना कुणी तिचा हिशेब करत नाही, आणि पाचव्या कथेला थकवा येतो तो यामुळेच. एसटीची गाडी काढणं सोपं नाही: खिडक्यांच्या रांगा, चाकं, टपावरची शिडी, आणि हे सगळं दूर जाताना लहान होत गेलेलं. दर कथेत ती नव्या कोनातून काढायची ठरवली तर हौस फिटून जाईल. म्हणून गाडीची तीनच दृश्यं एकदा नीट बसवून ठेवावीत: रात्रीच्या आभाळापुढं काळी बाह्याकृती, आतून दोन बाकडी आणि खिडकीचे गज, आणि मागचं दार. त्यांच्या बाहेर जायचं नाही. रात्रीचा प्रसंग इथं आणखी उपकार करतो, कारण गावाची निम्मी रेखाटनं अंधारात जातात आणि उजेड जिथं आहे तेवढंच काढावं लागतं. मास्तरच्या आकृतीलाही हाच न्याय. त्याची आकृती शाईनं पूर्ण काळी भरून पाहा. खाली झुकलेली मान, पोटावर पेटी, खांद्यावरून तिरपी पिशवी, एवढ्यावरून तो सलीमभाईपेक्षा वेगळा ओळखू आला पाहिजे. नाही आला तर चेहऱ्यावर कितीही मेहनत घेऊन उपयोग नाही.

मराठीत चित्रकथा काढणाऱ्यांनी संवादाचे फुगे आधी लिहावेत, चित्र मागून. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर सोडावं लागतं आणि चित्र आधी काढलं की फुगा कुणाच्या तरी डोक्यावर चढतो. ए-फाइव्हच्या पानावर सहा चौकटी असतील तर एका फुग्यात बारा-पंधरा शब्दांहून जास्त मावत नाहीत. यामुळे मास्तर आणि सलीमभाई यांचं बोलणं आपोआप तुटक होतं, आणि रात्री दमलेली माणसं तशीच बोलतात.

ज्यांना एसटी जवळची वाटत नसेल त्यांच्यासाठी हीच मांडणी दुसऱ्या धंद्यांत बसवून पाहता येते. वीज मंडळाचं मीटर वाचणारी बाई घ्या. दर महिन्याला तिला प्रत्येक घरात जायची मुभा आहे, आणि तिच्याजवळ मागचा आकडा आहे. बंद घराचं मीटर फिरतंय, किंवा भरल्या घराचं अचानक थांबलंय, एवढं दिसलं की कथा सुरू. इथं एका रात्रीची हद्द नाही, पण महिन्याचं अंतर आहे. ती पुढच्या वेळी येईल तेव्हा घर बदललेलं असेल, ही तिची गंमत. तिची पंचाईत अशी की तिला फक्त बघायचा अधिकार आहे, काही करायचा नाही. ती कुठं आणि का हद्द ओलांडते, हे ठरवलं नाही तर ती नुसती साक्षीदार राहील.

गोव्यातला पोदेर याहून देखणा आहे. सायकलच्या मागं पावांची मोठी टोपली, हातात भोंगा, पहाटे आणि संध्याकाळी घरोघर पाव, पोळी, उंडे, कांकणं. कोणत्या घरी रोज किती लागतात हे त्याला पाठ असतं. चाराऐवजी सहा मागितले तर पाहुणे आले, दोनच घेतले तर कुणीतरी गेलं किंवा रुसलं. त्याला सगळ्यांत आधी कळतं आणि त्यानं सगळ्यांत शेवटी बोलायचं असतं. भोंग्याचा आवाज हा त्याचा ‘टिंग’. सायकल काढायची मात्र मनाची तयारी हवी. तिची चाकं दोन चौकटींत वेगळी झाली तरी वाचकाला लगेच खुपतं.

फिरत्या वाचनालयातलं एखादं पुस्तक घराघरांत जातं, अशी कल्पना अनेकांना सुचते, तिच्याबद्दल मी सावध करीन. पुस्तकाकडं नवी घरं येतात, नवी माणसं येतात, दार अगदी सताड उघडं आहे. पण पुस्तक काही ठरवू शकत नाही. प्रत्येक कथेत ठरवणारा माणूस दुसराच असतो, म्हणून वाचकाचा जीव पुस्तकात न गुंतता त्या त्या माणसात गुंततो, आणि तो माणूस पुढच्या कथेत नसतो. पुन्हा येणारं पात्र हवं असेल तर ते पुस्तक घरोघर पोचवणारी व्यक्ती निवडावी, आणि कुणाला कुठलं पुस्तक द्यायचं हे तिनं ठरवावं.

मालिका चालू लागली की वयाचा प्रश्न येतो, आणि तो आधी सोडवलेला बरा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू 1991 साली आला तेव्हा शाळकरी होता आणि पुढं वर्षानुवर्षं शाळकरीच राहिला. त्याच्या दुनियेला ते शोभतं, कारण शाळा, सुट्टी, क्रिकेट आणि शेजारच्या काकू ही चक्रं दर वर्षी तशीच फिरतात. अमेरिकेत फ्रँक किंग यांच्या ‘गॅसोलिन अ‍ॅली’ या पट्टीत 1921 साली दारात सापडलेलं एक तान्हं बाळ मात्र वाचकांबरोबर वाढत गेलं, मोठं झालं, त्याचंही लग्न झालं. दोन्ही रीती चालतात, पण मधली चालत नाही. मास्तरच्या बाबतीत माझा कौल पहिल्या रीतीला आहे. त्याचं 1988 सालच कायम राहावं, हवं तर ऋतू बदलावेत, कारण त्याला म्हातारं करायचं तर मोबाइल येणार, आणि मोबाइल आला की बाकड्याखाली काही उरणार नाही. सलीमभाईच्या घरची बातमी मात्र पुढं सरकू द्यावी: मुलगी दहावीला बसली, पास झाली, कॉलेजला गेली. वर्ष न बदलता हे कसं, असं कुणी विचारत नाही, फक्त ती बातमी दर कथेत एकाच वाक्यात यावी आणि सलीमभाईनं ती झोपायच्या आधी सांगावी.